डेव्हऑप्सचं प्रोफाईल लिहिताय? आधी ती टूल्सची भिंत पाडा

मागच्या मे महिन्यात गावी होतो, बाहेर 44-45 चं ऊन, कुलर फुल स्पीडवर, आणि भाचा लॅपटॉप घेऊन शेजारी येऊन बसला. म्हणे मामा, दोन महिने झाले सगळीकडे अर्ज टाकतोय, एक बी फोन उना नई. पोरगा चाळीसगावचा, एका छोट्या कंपनीत अडीच वर्षं डेव्हऑप्सचं काम करतोय, कंपनी केळीच्या व्यापाऱ्यांसाठी भाव बघायचं आणि गाडीभरतीचं ॲप चालवते. काम चांगलं करतो हे मला माहीत होतं कारण त्याचे रात्रीचे फोन आमच्या ओट्यावरच चालायचे. प्रोफाईल उघडलं तर वरच्या अर्ध्या पानात स्वल्पविराम देऊन देऊन 34 टूल्सची नावं. मसाल्याचा डबा उघडून दाखवलाय पण भरीत कुठंय?

त्या दुपारी आणि दुसऱ्या दिवशी मिळून आम्ही ते प्रोफाईल नव्याने लिहिलं. नवीन पोरापोरींना हीच अडचण येते म्हणून कसं केलं ते क्रमाने लिहितोय. आकडे त्याच्याच कामाचे आहेत, तुमचे वेगळे निघतील, पण ते काढायची पद्धत हीच.

आधी काटछाट

मी त्याला एकच प्रश्न ठरवून दिला. प्रत्येक नावावर बोट ठेवायचं आणि सांगायचं, रात्री 2 वाजता हे बंद पडलं आणि तू एकटाच जागा आहेस तर पहिल्या 10 मिनिटांत काय बघशील? डॉकरवर लगेच बोलला, कंटेनर रिस्टार्ट होतोय का बघेन, लॉग बघेन, मेमरी संपून मारला गेलाय का ते बघेन. राहू दे डॉकर. कुबरनेटीसवर मात्र गप्प. एक व्हिडिओ बघून लॅपटॉपवर चालवलं होतं म्हणे. ते काढ. असं करत करत 34 ची 9 राहिली, आणि चेहरा असा पडला जसं काही घरातलं सोनं विकायला काढलंय.

एक गोष्ट मात्र खरी आहे, नोकरीच्या पोर्टलवर एचआरवाले शब्द टाकूनच शोधतात, त्यामुळे टूल्सची नावं पूर्ण गायब करून चालत नाही. उरलेली 9 नावं पानाच्या तळाला एका ओळीत टाकायची, आणि त्यातली जी खरी कामाची आहेत ती वर कामाच्या वाक्यात आपोआप येतातच. शोधणाऱ्याला शब्द सापडतो, वाचणाऱ्याला काम दिसतं.

ओळ आधी मराठीत लिहा

प्रोफाईल शेवटी इंग्रजीत जाणार हे माहितीये. पण इंग्रजीत लिहायला बसलं की हात आपोआप तीच ठरलेली जड जड वाक्यं लिहितो आणि काय केलं ते कुठेच सापडत नाही. म्हणून मी त्याला म्हटलं, तुझ्या आईला फोनवर सांगतोस तसं सांग. तो म्हणाला, "पहिले नवीन कोड चढवायला पाऊण तास लागायचा, आता वीस मिनिटं लागतात, म्हणून आता शुक्रवारची वाट न बघता आठवड्यात तीन-चारदा चढवतो." झाली ओळ! काय होतं, काय झालं, त्याने काय बदललं, तिन्ही आलं. आता फक्त दोन प्रश्न राहतात, आकडे खरे का, आणि यात तू नेमकं काय केलंस.

पाईपलाईनचे आकडे

अंदाजाने "पाऊण तास" लिहू नका, मोजा. त्यांचं सगळं गिटहबवर होतं, तिथे प्रत्येक रनच्या वेळा मिळतात:

```
gh run list --workflow deploy.yml --limit 100 --json conclusion,startedAt,updatedAt
```

`--limit` नाही दिलं तर फक्त 20 च रन येतात, तेवढ्यावर हिशोब करू नका. यातले फक्त यशस्वी झालेले रन घ्यायचे, कारण फेल झालेला रन दुसऱ्याच मिनिटाला मरतो आणि तुमचा आकडा फुकटचा छान दिसायला लागतो. पुन्हा चालवलेले रन पण बाजूला काढा, त्यांच्या वेळा गंडलेल्या असतात. आणि सरासरी नको, सगळ्या वेळा चढत्या क्रमाने लावून मधला आकडा घ्या, कारण एखादा रन कुठेतरी अडकून दोन तास पडून राहिला की सरासरीची वाट लागते.

भाच्याचा मधला आकडा आधी 41 मिनिटं निघाला आणि बदलानंतर 21. आता हे 20 मिनिटं वाचले कुठे ते त्याला सांगता आलं पाहिजे, कारण मुलाखतीत पुढचा प्रश्न हाच येतो. पहिली गोष्ट ही होती, त्यांच्या डॉकरफाईलमध्ये सगळा कोड आधी कॉपी व्हायचा आणि मग पॅकेजेस इन्स्टॉल व्हायची. डॉकर एकेक थर जपून ठेवतो, पण वरचा थर बदलला की खालचे सगळे परत बनवतो, त्यामुळे कोणी एक स्पेलिंग जरी सुधारलं तरी सगळी पॅकेजेस पहिल्यापासून. त्याने क्रम बदलला:

```
COPY package*.json ./
RUN npm ci
COPY . .
```

आता पॅकेजची यादी बदलली तरच इन्स्टॉल होतं. पण इथे तो दोन दिवस अडकला होता कारण त्याच्या लॅपटॉपवर हे झटपट व्हायचं आणि पाईपलाईनमध्ये काहीच फरक नाही. कारण साधंय, पाईपलाईनचं मशीन प्रत्येक वेळी कोरं करकरीत येतं, तिथे आधीचे थर नसतातच. मग त्याने ते थर बाहेर साठवून पुढच्या रनला परत ओढायची सोय केली आणि 11 मिनिटांचं काम 2 वर आलं. हे दोन दिवस अडकणं त्याला लाज वाटून सांगायचं नव्हतं. मी म्हटलं अरे येड्या, हेच तर सांग, ज्याने हे स्वतः केलंय तोच इथे अडकतो.

दुसरी गोष्ट टेस्ट. 18 मिनिटं एकामागोमाग चालायच्या, त्या तीन भागात वाटल्या, 7 मिनिटांवर आल्या. आता तिन्ही मशीनचे मिळून 21 मिनिटं होतात, म्हणजे मशीनचा वापर थोडा वाढलाच. हे विचारलं तर दडवायचं नाही, "3 मिनिटं मशीनची जास्त दिली आणि माणसांची 11 वाचवली" एवढं सांगायचं. 9 आणि 11, झाले की 20.

किती वेळा कोड चढला हे पण काढलं:

```
git log main --first-parent --merges --since="6 months ago" --oneline | wc -l
```

यातून मर्ज मोजले जातात, डिप्लॉय नाही. त्यांच्याकडे मेन ब्रँचला मर्ज झालं की आपोआप डिप्लॉय व्हायचं म्हणून हा आकडा चालून गेला. तुमच्याकडे कोणीतरी बटण दाबत असेल तर नाही चालणार. आणि टीम स्क्वॉश करून मर्ज करत असेल तर हे शून्य दाखवेल, घाबरू नका, `--merges` काढून टाका. भाच्याचे आधीच्या सहा महिन्यांत 27, नंतरच्या सहा महिन्यांत 94.

क्लाऊडबद्दल लिहिताना "पूर्ण" शब्द जपून वापरा

त्याने लिहिलं होतं, "कंपनीचं पूर्ण क्लाऊड टेराफॉर्मवर आणलं". मी म्हटलं चल चालव `terraform plan`. आलं `No changes.` आणि तो माझ्याकडे बघून हसला. पण टेराफॉर्म फक्त त्याच्या स्टेटमध्ये नोंदवलेल्याच गोष्टी तपासतो. कोणीतरी दोन वर्षांपूर्वी ब्राउझरमधून हाताने बनवलेला सर्व्हर त्याला माहीतच नसतो, मग तो त्यात फरक कसा दाखवणार? आम्ही क्लाऊडच्या कन्सोलमध्ये जाऊन एकेक मोजलं, 18 गोष्टींपैकी 14 टेराफॉर्ममध्ये होत्या, 4 हाताने बनवलेल्या. मग ओळ झाली "18 पैकी 14 संसाधनं टेराफॉर्मवर आणली, त्यामुळे टेस्टिंगचं वातावरण नव्याने उभं करायला दोन दिवसांऐवजी एक तास लागतो". "पूर्ण" पेक्षा "18 पैकी 14" वजनदार वाटतं, कारण मोजल्याशिवाय असा आकडा कोणी लिहीत नाही.

अपटाईम, जिथे सगळे फसतात

आता मुख्य. त्याने लिहिलं होतं "99.99% अपटाईम राखला". मी विचारलं कुठून आणलं? म्हणे सगळे तेच लिहितात. म्हटलं कागद घे. 90 दिवस म्हणजे 90 × 24 × 60, एक लाख 29 हजार 600 मिनिटं. 99.99 म्हणायचं तर तीन महिन्यांत मिळून जेमतेम 13 मिनिटं बंद राहायची परवानगी. तुझं ॲप एका सकाळी सर्टिफिकेट संपून किती वेळ बंद होतं? तो गप्प. 85 मिनिटं.

महिन्याच्या हिशोबाने लक्षात ठेवायला सोपं आहे, 30 दिवसांचा महिना धरला तर 99.5 म्हणजे 216 मिनिटं बंद, 99.9 म्हणजे 43 मिनिटं, 99.99 म्हणजे 4 मिनिटांच्या थोडं वर. 4 मिनिटांत माणूस झोपेतून उठून लॅपटॉप पण उघडत नाही. दोन माणसांच्या टीमने 99.99 लिहिलं की अनुभवी वाचणारा तिथेच हसतो आणि बाकीच्या खऱ्या ओळींवर पण शंका घ्यायला लागतो.

मग आम्ही बंद पडल्याच्या मिनिटांची यादी केली. त्यांच्याकडे बाहेरून दर मिनिटाला ॲपला हाक मारणारी एक मॉनिटरिंग सेवा होती, तिच्या नोंदी घेतल्या. इथे एक खोच आहे. पहिले काही दिवस ती सेवा फक्त `/health` ला विचारायची, आणि डेटाबेस मेला तरी ते पान आपलं 200 देत राहायचं, म्हणजे दुकानाचं शटर उघडं पण आत माल नाही. नंतर त्याने ते बदलून भावाचं पान खरंच उघडतंय का हे तपासायला लावलं. म्हणून हिशोब त्या बदलानंतरच्या 90 दिवसांपासून धरला, त्याआधीचे आकडे छान दिसत होते पण खोटे होते.

तर पहिल्या 90 दिवसांत 410 मिनिटं बंद. त्यातली 230 दोनदा डिस्क भरल्यामुळे, लॉग साठत गेले आणि डेटाबेसला लिहायला जागाच उरली नाही. 52 मिनिटं दर आठवड्याच्या डिप्लॉयमध्ये गेली, 13 आठवडे आणि दर वेळी 4 मिनिटं ॲप बंद करून चालू करायचे, आणि गंमत म्हणजे याला कोणी बंद पडणं समजतच नव्हतं. 85 सर्टिफिकेटची. उरलेल्या 43 चं कारण सापडलं नाही, तसंच लिहून ठेवलं.

सर्टिफिकेटचा किस्सा मला फार आवडतो. सर्टिफिकेट लेट्स एन्क्रिप्टचं, 90 दिवसांचं, सर्टबॉट ते आपोआप वेळेआधी नवं करतो आणि केलं पण होतं. नवीन फाईल डिस्कवर पडलेली. पण एन्जिनएक्सला कोणी सांगितलंच नाही, तो जुनं सर्टिफिकेट मेमरीत धरून बसला, आणि ज्या दिवशी जुनं संपलं त्या सकाळी सगळ्या व्यापाऱ्यांच्या फोनवर लाल इशारा. भाचा अर्धा तास सर्व्हरवर फाईलची तारीख बघत होता, तारीख बरोबर, मग चूक कुठंय? शेवटी बाहेरून तपासलं तेव्हा उमगलं:

```
echo | openssl s_client -connect example.com:443 -servername example.com 2>/dev/null | openssl x509 -noout -enddate
```

हे सर्व्हर लोकांना प्रत्यक्षात कोणतं सर्टिफिकेट देतोय ते सांगतं. कायमचा इलाज एका ओळीचा, सर्टबॉटची जी कमांड ठरल्या वेळी आपोआप चालते तिच्यातच हे जोडायचं, म्हणजे सर्टिफिकेट नवं झालं की एन्जिनएक्स ते परत वाचतो:

```
certbot renew --deploy-hook "systemctl reload nginx"
```

लॉग फिरवायची सोय केली आणि डिस्क 75% भरली की मेसेज, डिप्लॉय करताना नवा कंटेनर तयार झाल्याशिवाय जुना बंद करायचा नाही, आणि हे सर्टिफिकेटचं. तीन बदल. पुढच्या 90 दिवसांत 65 मिनिटं बंद, त्यातली 38 एका चुकलेल्या डेटाबेस बदलामुळे. टक्क्यात 99.68 वरून 99.95. टक्के कंसात टाका आणि मिनिटं पुढे, कारण टक्क्यात फरक पाव टक्क्याचा दिसतो आणि मिनिटांत सहापट.

अजून एक, टक्का वेळ सांगत नाही. ते 85 मिनिटं सकाळी भाव बघायच्या वेळेला गेले, रावेर-यावलकडचा माणूस गाडी भरायच्या आधी फोन उघडतो ती वेळ. तेच रात्री 2 ला गेले असते तर कुत्रं पण भुंकलं नसतं. प्रोफाईलमध्ये हे लिहायला जागा नसते पण मुलाखतीत "सकाळच्या गर्दीच्या वेळात नंतर एकदाही बंद नाही" हे वाक्य त्याने नोंदी बघून खात्री करून मग तयार ठेवलं.

इन्सिडेंट कमी केले म्हणजे नक्की काय कमी केलं

त्याने लिहिलं होतं "इन्सिडेंट 85% ने कमी". विचारलं तर समजलं तो अलर्ट मोजत होता. तीन महिन्यांत 600 अलर्ट यायचे ते 90 झाले. पण ते कसे झाले? प्रोसेसर 80% वर गेला की मेसेज यायचा, तो अलर्टच त्याने काढून टाकला. बरोबरच केलं, कारण प्रोसेसर तापला म्हणून कोणाचा भाव दिसायचा थांबत नाही, आणि रात्रभर टुंगटुंग करणाऱ्या फोनला माणूस शेवटी उशीखाली ढकलतो आणि खरा मेसेज पण तिथेच मरतो. पण अलर्ट कमी झाले म्हणजे बिघाड कमी झाले असं नाही. थर्मामीटर फेकून दिला म्हणून ताप उतरत नाही!

मग आम्ही व्याख्या ठरवली. वापरणाऱ्याला त्रास झाला आणि माणसाला हात घालावा लागला, तो एक इन्सिडेंट. ऑफिसच्या चॅटमधल्या तारखा आणि मॉनिटरिंगच्या नोंदी जुळवून मोजले तर आधी 14, नंतर 5. आता याला 64% लिहायचा मोह होतो, तो टाळा, एवढ्या लहान आकड्यांत टक्का फुगलेला वाटतो, "14 वरून 5" असंच लिहा. अलर्टचा आकडा द्यायचा असेल तर वेगळ्या शब्दात द्या, "तीन महिन्यांतले अलर्ट 600 वरून 90".

आणि एक तपासणी करून ठेवा, दोन्ही तिमाहीत ॲपचा वापर साधारण सारखा होता का? दुसऱ्या तिमाहीत माल कमी, लोक कमी, म्हणून बिघाड कमी, असं असेल तर श्रेय तुमचं नाही. भाच्याने रोजच्या विनंत्यांचा आकडा काढला, नंतरच्या तिमाहीत थोडा जास्तच होता, मग निर्धास्त.

मी आणि आम्ही

आपल्याकडची पोरं एकतर सगळंच "मी" लिहितात नाहीतर लाजून सगळं "आम्ही". दोन माणसांची टीम होती. टेस्ट वाटायचं काम दुसऱ्याने सुरू केलेलं, भाच्याने पूर्ण केलं. तसंच लिहिलं, "सहकाऱ्यासोबत". बाकीचं त्याचं एकट्याचं होतं तिथे "मी". कंपनीच्या ग्राहकांची नावं, सर्व्हरचे पत्ते, आतले स्क्रीनशॉट यातलं काही प्रोफाईलमध्ये टाकायचं नाही. आकडे टाकण्याआधी पण वरिष्ठांना एकदा विचारलेलं बरं, त्याने विचारलं, ते म्हणाले ग्राहकाचं नाव नको, बाकी चालेल.

शेवटी वरचा परिच्छेद असा झाला, हाच मग इंग्रजीत केला:

"अडीच वर्षं केळी व्यापाराच्या ॲपची डिप्लॉय आणि सर्व्हरची बाजू सांभाळतो, टीम दोघांची. पाईपलाईन सहकाऱ्यासोबत 41 मिनिटांवरून 21 वर आणली, सहा महिन्यांतले डिप्लॉय 27 वरून 94 झाले. लॉग, डिप्लॉयची पद्धत आणि सर्टिफिकेट या तीन ठिकाणी दुरुस्ती करून 90 दिवसांतला बंद वेळ 410 मिनिटांवरून 65 वर (99.68% वरून 99.95%). वापरणाऱ्यांना जाणवलेले बिघाड 14 वरून 5. क्लाऊडची 18 पैकी 14 संसाधनं टेराफॉर्ममध्ये."

टूलचं नाव एकच आलंय. बाकीची तळाच्या ओळीत आहेतच.

ही मोजमापं नोकरीत असतानाच करून ठेवा, राजीनामा दिला की लॉगिन कधीही बंद होऊ शकतं. गिटहबवरचे रनचे लॉग तर मुळातच 90 दिवसांनी उडतात, कोणी मुदत वाढवलेली नसेल तर. भाचा आता महिन्याच्या 1 तारखेला एका वहीत चार आकडे लिहितो, मधला पाईपलाईन वेळ, डिप्लॉय किती, बंद मिनिटं किती आणि कशामुळे, इन्सिडेंट किती. वहीच, कारण कंपनीच्या लॅपटॉपवर ठेवलं तर ते पण लॅपटॉपसोबत परत जातं.

तीन आठवड्यांनी त्याला पुण्याहून पहिला फोन आला. समोरच्याने टूल एकही विचारलं नाही म्हणे, विचारलं ते त्या बिनकारणाच्या 43 मिनिटांबद्दल, बंद मिनिटांचा हिशोब ऐकून म्हणाला त्या तीन दुरुस्त्यांची बेरीज 410 होत नाही, बाकीचं कुठे गेलं? पोरगं म्हणालं, कारण सापडलं नाही सर, तेव्हाचे लॉगच भरलेल्या डिस्कसोबत पुसून टाकले होते मी, आता पुसायच्या आधी कॉपी बाहेर काढतो.